गाडगेबाबा पुण्यतिथी भजनसंध्या: क्रम, पट्टी, लय आणि वेळ

20 डिसेंबर, मारुतीचा पार, वडगाव, ता. दर्यापूर
सुरुवात संध्याकाळी 7:30, शेवट 9:57

सर्व भजनी भाऊ, काकू आणि पोट्ट्यांनो,

हा कागद प्रत्येकाच्या हातात असू द्या. पेटीवर एक चिकटवतो, मृदंगवाल्या भाऊंना एक देतो, माईकवाल्याला एक. रात्री 10 नंतर भोंगा बंद ठेवायचा नियम आहे, म्हणून 9:57 ला आपण उठायचं. वेचणीवरून बाया 6 ला घरी येतात, चूल पेटवून मग पारावर येतात; त्याआधी सुरू करण्यात अर्थ नाही. मधल्या अडीच तासांत एकही मिनिट "आता कोणतं घ्यायचं?" यात जायला नको.

पट्टी आधी समजून घ्या

पुरुषांची पट्टी काळी एक. बायांची काळी तीन. बायांना काळी चार सवयीची आहे, पण पहिल्या ओळीत बसणाऱ्या दोन आज्यांना त्या पट्टीत वरचा सा झेपत नाही. काळी तीनवर त्या मोकळ्या गातात. शिवाय मोठी सोय अशी की काळी तीनचा पंचम म्हणजेच काळी एक. म्हणजे दायां आणि मृदंग एकदा काळी एकला लावला की पुरुषांना तो षड्जात वाजतो आणि बायांना पंचमात. मध्ये हातोडी घेऊन ठोकत बसायचं काम नाही. बायांच्या पदांत पंचम नसलेला राग मी म्हणूनच ठेवलेला नाही.

खंजिरीला ठरावीक सूर नसतो. त्यामुळे पोट्ट्यांची पट्टी त्यांच्या गळ्याला सोयीची, काळी दोन. त्या वेळी दायां गप्प.

लय मी मिनिटाला किती मात्रा अशी लिहिली आहे. तालमीत मोबाईलच्या मेट्रोनोमवर एकदा लावून पाहा. पारावर मात्र टाळकऱ्यांकडे बघायचं, मोबाईलकडे नाही.

पहिला भाग: पुरुष मंडळी, काळी एक

7:30. नामगजर, जय जय राम कृष्ण हरी. भूप. भजनी ठेका, 60 ने सुरू, शेवटी 80. 8 मिनिटं.
पहिली दोन आवर्तनं नुसती पेटी आणि आवाज. टाळ तिसऱ्या आवर्तनाला. लोक अजून चपला काढत असतात, तेव्हाच मृदंग जोरात सुटला तर पुढं वाढवायला काही उरत नाही.

7:38. रूप पाहता लोचनी (ज्ञानदेव). आपली यमनची चाल. भजनी ठेका, 70. 10 मिनिटं.
गजर 80 वर संपतो आणि इथं 70 लागते. ही उतरण पेटीनं करायची: गजराच्या शेवटच्या सा वर थांबून नि-रे-ग घ्यायचा, मग तीव्र मध्यम दाखवायचा. तेवढ्यात मृदंगवाल्या भाऊंनी हात उचलून ठेवावा. वरून नवी लय मोठ्या काकांच्या "रूप" या उच्चारावरून घ्यायची, टाळावरून नाही.

7:48. सुंदर ते ध्यान (तुकाराम). यमनच, म्हणून सांधा सोपा. 76. 9 मिनिटं.
उशीर झाला असेल तर हेच पद गाळा.

7:57. कांदा मुळा भाजी (सावता माळी). दुर्गा, धुमाळी, 96. 9 मिनिटं.
इथं सावध. यमनच्या तीव्र मध्यमाला कान सरावलेला असतो आणि दुर्गात शुद्ध मध्यम येतो. थेट उडी मारली तर पहिली ओळ बेसूर वाटते. पेटीनं सा-रे-म, रे-म-प असं दोनदा म्हणून घ्यावं, मगच तोंड. शेतकऱ्यांच्या गावात हे पद सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा तिसऱ्या कडव्यापासून माईक लोकांकडे फिरवायचा.

8:06. ऊस डोंगा परी (चोखामेळा). बागेश्री, केरवा, 72. 11 मिनिटं.
96 वरून 72. कांदा-मुळ्याची टाळी संपू द्या, टाळ खाली ठेवा, फक्त मृदंग. एकट्यानं गायचं पद आहे. कोरसनं फक्त धृपद. चोखोबांचं मूळ गाव परंपरेनं बुलढाण्यातलं मेहुणा राजा मानलं जातं, म्हणजे आपल्याच विदर्भातलं, हे निवेदनात एका वाक्यात यायला हवं. एका वाक्यात म्हटलं बरं, तीन नाही. ह्या अकरा मिनिटांत पारावर एकही जण उठता कामा नये, म्हणून चहाच्या किटल्या तोवर मागेच.

सगळ्यात नाजूक सांधा: 8:17 ते 8:20

बागेश्रीचा वादी स्वर मध्यम. काळी एकचा मध्यम म्हणजे काळी तीन, म्हणजे बायांचा षड्ज. म्हणून शेवटचं धृपद सा वर न आणता मध्यमावर सोडायचं. पेटीवाल्यानं तो स्वर धरून ठेवायचा, भाता हळू, आणि त्यालाच बायांनी "आ" मिळवायचा. ऐकणाऱ्याला पट्टी बदलली हे कळणार नाही. तानपुऱ्याचं ॲप त्याच वेळी काळी तीनवर, पंचमाच्या तारेसह लावायचं काम शाळेतल्या सरांचं.

या तीन मिनिटांत सर दोन ओळी बोलतील, मृदंग खाली आणि तबला समोर येईल, बाया जागा घेतील. बाप्पा, सतरंजी आधीच अंथरलेली असावी.

दुसरा भाग: महिला मंडळ, काळी तीन

8:20. धरिला पंढरीचा चोर (जनाबाई). बायांची नेहमीची चाल, केरवा, 88. 8 मिनिटं.
सूर मिळालेलाच आहे, तेव्हा आलाप नको. पहिल्या ओळीपासून टाळ्या. तबल्यानं पहिल्या कडव्यात भरी टाळाव्यात, दायां पंचमावर लागलेला असल्यामुळे मोकळी थाप जास्त उठते आणि आज्यांचा आवाज झाकतो.

8:28. माझे माहेर पंढरी (एकनाथ). देस, 80. 9 मिनिटं.
देसात चढताना शुद्ध नि, उतरताना कोमल. तालमीत उतरणीतही शुद्ध नि लागते आहे. पेटीवाल्यानं उतरताना कोमल नि जरा ठासून द्यावा. हे दुसरं गाळण्याजोगं पद, पण गाळायचं ठरलं तर बायांना आधी सांगा, तोंडावर नाही.

8:37. भारूड, विंचू चावला (एकनाथ). 100 ने सुरू, शेवटी 132. 13 मिनिटं.
यात वेळ हाती राहत नाही हे गृहीत धरलं आहे. काकू सोंग आणतात, लोक हसतात, मधे प्रश्नोत्तरं होतात. गाणं जेमतेम सात मिनिटं, बाकी बोलणं. बोलताना पेटी चालू, तबला ना धिं ना एवढ्यावर. 8:48 ला मी पेटीवर सा दोनदा दाबीन, तो शेवटच्या कडव्याचा इशारा. भारूड कधीच गाळायचं नाही. निम्मे लोक यासाठीच येतात.

8:50 ते 8:55. गावातल्या मान्यवरांचे दोन शब्द. पाच मिनिटं म्हणजे पाच. याच वेळी दव पडायला लागतं, पुडी सैल होते आणि दायां उतरतो. भाऊंनी बाजूला घेऊन पेटीच्या काळी एकशी मिळवून घ्यावा, मृदंगाच्या धुम्याची कणीक वाळली असेल तर तीही बदलावी. दोन्ही वाद्यं वापरात नसताना गोधडीखाली.

तिसरा भाग: खंजिरी, काळी दोन

8:55. या झोपडीत माझे (तुकडोजी महाराज). 92. 10 मिनिटं.
9:05. मनी नाही भाव (तुकडोजी महाराज). 112. 9 मिनिटं.
दोन्हींच्या मध्ये थांबायचं नाही, एक खंजिरी चालूच. पहिल्याची लय ओढू नका. पोट्ट्यांचा जोर असा असतो की 92 चं 110 कधी झालं ते कळत नाही, मग दुसऱ्याला चढायला जागाच नाही. लाईट गेली तर हाच भाग पुढं ओढून घ्यायचा, कुठल्याही क्षणी. याला ना माईक लागतो ना तानपुरा.

काळी दोनवरून पुन्हा काळी एकला उतरणं कानाला खटकतं, आणि यावर स्वरांचा काही उपाय नाही. म्हणून पेटी बंद करा, शेवटी फक्त खंजिरी वाजू द्या, ती विरत विरत थांबली की शांतता. मग तानपुरा.

चौथा भाग: सगळे, काळी एक

9:14. अवघाचि संसार (ज्ञानदेव). मालकंस, 68. 10 मिनिटं.
मालकंसात रे आणि प नाहीत. सरांनी ॲपमध्ये पंचम काढून मध्यम लावायचा. हे विसरलं तर सगळा राग फाटतो. पेटीवाल्यानंही डाव्या हाताचा पंचम सोडून द्यायचा.

9:24. गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला. शुद्ध स्वरांची साधी चाल, केरवा, 84 पासून 150 पर्यंत. 13 मिनिटं.
गाडगेबाबांची पुण्यतिथी आहे, ही धून त्यांच्या कीर्तनाची ओळख. कार्यक्रमाचा कळस इथंच. पंचम परत लावा. पहिली चार मिनिटं 84 वरच, घाई नको. पुरुष एकदा, बाया एकदा, असं आलटून पालटून. पुरुषांच्या पट्टीत बायांनी खालून गावं. मग दर दोन मिनिटांनी एक पायरी. टाळकऱ्यांनी लय वाढवायची नाही, ती फक्त मृदंग वाढवील. मी डावा हात वर केला की तीन वेळा "गोपाला" आणि समेवर एकदम बंद. निवेदन नको, जयजयकार नको.

9:37. अवघा रंग एक झाला (सोयराबाई). भैरवी, 60. 9 मिनिटं.
150 नंतर 60, म्हणून सुरुवात बिनतालाची. एक काकू, नुसता तानपुरा, पहिली ओळ. मृदंग दुसऱ्या ओळीला.

9:46. हेचि दान देगा देवा (तुकाराम). भैरवीच, 64. 6 मिनिटं.
भैरवीनंतर दुसरा राग गात नाहीत, म्हणून इथं कोणाचीही फर्माईश घ्यायची नाही, पाटलांची असली तरी.

9:52. पसायदान, सगळे उभे राहून, तालाशिवाय, 5 मिनिटं. याला मी मैफलीतलं पद मानत नाही, प्रार्थना मानतो; म्हणून ते भैरवीनंतर चालतं.

9:57 ला माईक बंद. रोडगे आणि वांग्याची भाजी शाळेच्या आवारात, पारावर नाही. मागच्या वेळी पेटीच्या भात्यात भात सापडला होता.

मंगळवारी रात्री 8 ला देवळात तालीम. पूर्ण पदं गायची नाहीत. फक्त चार सांधे: यमन ते दुर्गा, बागेश्री ते बायांचा सा, खंजिरी ते मालकंस, धून ते भैरवी. प्रत्येक सांधा पाच वेळा. ज्यांना त्या रात्री ओलिताची पाळी आहे त्यांनी आधी कळवा, म्हणजे बुधवारी त्यांच्यापुरतं पुन्हा घेऊ.