हिरवं जास्त दिसतंय, मग इंडेक्स खाली कसा? कालचा हीटमॅप समजून घ्या

काल जो शेअर बाजाराच्या हीटमॅपचा, म्हणजे कंपन्यांच्या रंगीत चौकटींच्या चित्राचा, स्क्रीनशॉट टाकला होता त्यावर तिघांचा एकच प्रश्न आला, की एवढं हिरवं दिसतंय तरी इंडेक्स ०.३ टक्के खाली कसा काय बंद झाला. बरोबर प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर त्याच चित्रात आहे.

आधी साईझ बघा, रंग नंतर. बाहेरची चौकट म्हणजे एक सेक्टर, तिच्या आतल्या चौकटी म्हणजे त्यातल्या कंपन्या. कंपनीची चौकट जेवढी मोठी तेवढं त्या कंपनीचं मार्केट कॅप मोठं, म्हणजे शेअरची किंमत गुणिले एकूण शेअर्स. चौकट मोठी म्हणजे शेअर महाग असं अजिबात नाही, आणि आज जास्त वाढला असंही नाही, हा घोळ बरेच जण करतात.

रंग सांगतो टक्क्यांतला बदल. हिरवा वर, लाल खाली, आणि रंग जितका भडक तितकी हालचाल मोठी. काळपट-करड्या चौकटी म्हणजे तिथे फारसं काही घडलंच नाही.

आता डावीकडे आयटीमधल्या त्या तीन मोठ्या लाल चौकटी बघा. इंडेक्समध्ये त्यांचं वजन, म्हणजे वाटा, साधारण ७, ६ आणि ५ टक्के, आणि त्या पडल्यात ३, २.५ आणि २ टक्के. गुणाकार केला की ०.२१, ०.१५ आणि ०.१०, म्हणजे या तिघींनीच इंडेक्स ०.४६ टक्के खाली ओढला. उजवीकडे फार्मा आणि एनर्जीमधल्या ढीगभर छोट्या चौकटी हिरव्या आहेत, पण बऱ्याचशा फिकट, बाकी सगळ्यांचा हिशोब धरून जेमतेम ०.१६ भरून निघाले, म्हणून शेवटी उणे ०.३. कोपऱ्यातली ती भडक हिरवी, ६ टक्के वाढलेली, तिचं वजनच ०.१ टक्का, म्हणजे इंडेक्सला तिच्याकडून ०.००६ मिळाले. डोळा मात्र पहिला तिच्यावरच जातो!

अजून एक, खालची रंगांची पट्टी नक्की बघत जा. या चित्रात ती उणे ३ ते अधिक ३ आहे, त्यामुळे ३ टक्के पडलेला आणि ९ टक्के पडलेला शेअर सारखाच लाल दिसतो, खरा आकडा चौकटीत लिहिलेला असतो तो वाचा. वर '1 Day' लिहिलंय तेही महत्त्वाचं, हाच मॅप महिन्याचा लावला तर आजची लाल चौकट हिरवी निघू शकते, आणि कुणी नुसता स्क्रीनशॉट फॉरवर्ड केला तर ही ओळ हमखास कापली जाते. चीन-जपानच्या मार्केटचे मॅप बघणार असाल तर तिकडे उलटं असतं, लाल म्हणजे वर.

एवढं लक्षात ठेवून तोच स्क्रीनशॉट परत उघडा आणि मधला बँकिंगचा भाग बघा. तिथे दोन मोठ्या चौकटी करड्या आहेत आणि बाकी सगळ्या लाल. बँकिंगचा आकडा तरी फक्त उणे ०.२ का, हे आता तुम्हीच सांगा खाली.