सराव निबंध स्वतः तपासायची मार्किंग शीट (एकूण २५)

निबंध लिहून झाला की लगेच मार्क द्यायला बसू नका, डोक्यात सगळं ताजं असतं त्यामुळे जे कागदावर आलंच नाही तेही वाचल्यासारखं वाटतं. एक रात्र जाऊ द्या. एका वाचनात एकच निकष तपासायचा, मग परत पहिल्यापासून पुढचा, कारण सुरुवात झकास झाली की पुढच्या सगळ्यालाच हात सैल सुटतो.

मुख्य नियम: ज्या ओळीमुळे मार्क मिळतोय तिच्याखाली पेन्सिलने रेघ मारायची. रेघ मारायला ओळच सापडत नसेल तर मार्क नाही. "मला तसंच म्हणायचं होतं" याला शून्य. अर्धा मार्क नाही, दोन आकड्यांत अडकलात तर खालचा घ्या.

खालची उदाहरणं या प्रश्नावरची आहेत: "गृहपाठ बंद करावा का? दोन्ही बाजू तपासून तुमचं मत मांडा." (४०० शब्द, ४० मिनिटं)

१) प्रश्नाला उत्तर दिलंय का: ६
५-६: दोन्ही बाजू आल्यात आणि स्वतःचं मत एका वाक्यात बोट ठेवून दाखवता येतं.
३-४: मत आहे पण दुसरी बाजू नावापुरती, एखाद्या ओळीत उरकलेली.
१-२: गृहपाठाबद्दल छान छान माहिती आहे, पण बंद करावा की नाही ते शेवटपर्यंत कळत नाही.
०: पाठ केलेला "शिक्षणाचं महत्त्व" निबंध उतरवलाय.

२) मुद्दे आणि आधार: ९
सगळ्यात जास्त फसवाफसवी इथेच होते म्हणून हे नीट वाचा. सगळ्यात चांगले तीन मुद्दे निवडा, प्रत्येकाला ३: मुद्द्याला १, कारणाला १, ठोस उदाहरणाला १.

"गृहपाठामुळे मुलांवर ताण येतो." इथे थांबलात तर १.
"...कारण प्रत्येक विषयाचे शिक्षक एकमेकांना न विचारता एकाच दिवशी गृहपाठ देतात." आता २.
"...गणिताची दहा उदाहरणं, विज्ञानाच्या आकृत्या आणि भाषेचा निबंध एकाच संध्याकाळी आला की कुठलातरी एक नुसता बघून उतरवला जातो." हे ३.

ताण येतो, दडपण येतं, टेन्शन वाढतं, हा एकच मुद्दा आहे, तीनदा मोजायचा नाही. "८० टक्के मुलांना वाटतं" असला आकडा मनाने टाकला असेल तर उदाहरणाचा मार्क कट. तीनही मुद्दे एकाच बाजूचे असतील तर इथे जास्तीत जास्त ७.

३) मांडणी: ५
प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वेगळ्या कागदावर उतरवा. तेवढ्यावरून तुमचं म्हणणं सलग कळलं तर ५, एका ठिकाणी उडी वाटली तर ४, वाक्यांचा क्रम बदलूनही काही बिघडत नसेल तर २. परिच्छेदच पाडले नसतील तर १. शेवटच्या परिच्छेदात एकदम नवीन मुद्दा घुसवला असेल तर त्यातून १ वजा (तिथे सुचलेला मुद्दा बहुतेक वेळा चांगला असतो, पण आता उशीर झाला).

४) भाषा: ३
मोठ्याने वाचा. कुठेच अडखळला नाहीत ३, एक-दोनदा परत वाचावं लागलं २, त्याहून जास्त १. जड शब्दांना जास्तीचे मार्क नाहीत. सुविचार आणि कवितेच्या ओळींनाही नाहीत, विषयाशी घट्ट जोडल्या असतील तरच चालतील.

५) शुद्धलेखन, विरामचिन्हं: २
वेगवेगळ्या चुका तीनपर्यंत असतील तर २, आठपर्यंत १, पुढे ०. तोच शब्द पाच वेळा चुकलाय तर ती एकच चूक.

वेळ आणि शब्द: ४० मिनिटं झाली तिथे आडवी रेघ मारा, मार्क फक्त रेघेच्या वरच्या भागाला. खालचं लिहिलेलं वाया जात नाही, त्याचं टोटल वेगळं काढून बाजूला लिहा, फरक किती पडतो ते दिसेल. ३२० शब्दांच्या आत उरकलं असेल तर एकूणातून २ वजा.

काही जण उलट स्वतःला झोडपतात, त्यांच्यासाठी: मार्क कापलात तर समासात कारण लिहायचं, "मुद्दा २ ला उदाहरण नाही" असं. "बोअर वाटतंय" हे कारण नाही, तो मार्क परत द्या.

नमुना नोंद: प्रश्न ५, मुद्दे ६, मांडणी ४, भाषा २, शुद्धलेखन १ = १८. पुढच्या वेळी: तिन्ही मुद्द्यांना उदाहरण.

दर चौथा निबंध मित्राकडून किंवा मैत्रिणीकडून याच शीटवर तपासून घ्या, तुमचे मार्क आधी न दाखवता. एकूणात ३ पेक्षा जास्त फरक आला तर ज्या निकषात तो आलाय तेवढाच दोघांनी मिळून परत वाचा, रेघा कुठे मारल्यात ते बघा आणि मग ठरेल तो आकडा पक्का.