कार्य, शक्ती आणि ऊर्जा: गणितांची उजळणी (इयत्ता नववी, नागपूर)

या पत्रिकेत g = १० मी/से² घेतला आहे, म्हणजे गुणाकारात वेळ जाणार नाही. परीक्षेत प्रश्नात दिलेली किंमत घ्या; दिली नसेल तर ९.८ घ्या.

सूत्रं चारच आहेत आणि ती सगळ्यांना पाठ असतात:

W = F × s
KE = ½mv²
PE = mgh
P = W / t

मार्क जातात ते सूत्र विसरल्यामुळे नाही. 'चालती स्कूटर' असं वाचलं की पोरं थेट ½mv² लिहितात आणि ती स्कूटर पुलावर आहे हे सोडून देतात. म्हणून प्रत्येक गणितात वहीत आधी दोन रकाने आखा, एक गतिज आणि एक स्थितिज. वस्तू हलते आहे का? हलत असेल तर गतिजचा रकाना भरा. वस्तू उंचावर आहे का, आणि ती उंची कुठून मोजली? त्यावरून स्थितिजचा रकाना भरा. दोन्ही रकाने एकाच वेळी भरलेले असू शकतात. बहुतेक वेळा असतातच.

उदाहरण १. कळमन्यातली संत्र्याची पेटी

कळमना बाजारात एक हमाल २० किग्रॅची संत्र्याची पेटी जमिनीवरून उचलून डोक्यावर घेतो (उंची १.५ मी). मग सपाट जमिनीवर १ मी/से वेगाने १२ मी चालतो आणि ट्रकच्या फाळक्यावर (उंची १.२ मी) ठेवतो. प्रत्येक टप्प्यात गुरुत्वाविरुद्ध किती कार्य झालं आणि पेटीची ऊर्जा किती?

उचलताना: W = mgh = २० × १० × १.५ = ३०० ज्यूल. पेटी डोक्यावर स्थिर आहे, तेव्हा स्थितिज ३०० ज्यूल, गतिज शून्य.

चालताना: हमालाचं बल वरच्या दिशेने, विस्थापन आडवं. दोघांत ९०° चा कोन, म्हणून उचलून धरणाऱ्या बलाचं कार्य शून्य. इथे वर्गात हमखास प्रश्न येतो, "सर, शून्य काऊन? तो तर घामाघूम झाला!" घाम खरा आहे. वजन पेलताना स्नायू आतल्या आत सतत आखडतात आणि सैल होतात, त्यात शरीरातली रासायनिक ऊर्जा खर्च होऊन उष्णता होते. पण ती पेटीला मिळत नाही, आणि आपण हिशोब पेटीचा मांडतो आहोत, हमालाच्या जेवणाचा नाही. चालताना पेटीचे दोन्ही रकाने भरतात: स्थितिज ३०० ज्यूल, गतिज ½ × २० × १² = १० ज्यूल. हे १० ज्यूल चालायला सुरुवात करताना दिले गेले आणि थांबताना काढून घेतले गेले.

फाळक्यावर ठेवताना: पेटी १.५ वरून १.२ मी वर आली, ०.३ मी खाली. बल वर, विस्थापन खाली, म्हणून हमालाचं कार्य −२० × १० × ०.३ = −६० ज्यूल. ऋण चिन्ह लिहायचं राहिलं तर अर्धा मार्क जातो. फाळक्यावर पेटीची स्थितिज ऊर्जा २४० ज्यूल, म्हणजे ३०० − ६०.

आता जमिनीऐवजी फाळक्याची पातळी शून्य धरली तर? पेटीची स्थितिज ऊर्जा तिथे शून्य होईल, जमिनीवर असताना −२४० होती असं म्हणावं लागेल, पण फरक तोच २४० राहील. शून्य कुठे धरायचं ते तुम्ही ठरवा, फक्त एकदा ठरवल्यावर गणित संपेपर्यंत बदलू नका.

उदाहरण २. उड्डाणपुलावरची स्कूटर

समजा वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर एक स्कूटर चालली आहे. स्कूटर आणि चालक मिळून १८० किग्रॅ, रस्त्यापासून उंची ९ मी, वेग ३६ किमी/तास.

आधी वेग बदला: ३६ × ५/१८ = १० मी/से. हे न करता ३६ चा वर्ग करणारे दरवर्षी सापडतात.

गतिज: ½ × १८० × १०० = ९,००० ज्यूल
स्थितिज: १८० × १० × ९ = १६,२०० ज्यूल

(अ) स्कूटर तोच वेग ठेवून २७० मी लांबीच्या उतारावरून खाली आली. चालकाने ॲक्सिलरेटर सोडलेला आहे. १६,२०० ज्यूल कुठे गेले?

गतिजमध्ये नाही, वेग तर बदललाच नाही. 'स्थितिज कमी झाली म्हणजे गतिज वाढली' हे वाक्य डोळे मिटून लिहिता येत नाही; ते फक्त घर्षण आणि हवेचा विरोध नसेल तेव्हाच खरं. इथे हवा, टायर आणि ब्रेक मिळून सगळी स्थितिज ऊर्जा उष्णतेत गेली. सरासरी विरोधी बल किती? F = १६,२०० / २७० = ६० न्यूटन.

(आ) सपाट रस्त्यावर ब्रेकचं बल ९०० न्यूटन आहे. ३६ किमी/तास वेगाने येणारी स्कूटर किती अंतरात थांबेल? ७२ ने आली तर?

ब्रेकचं कार्य = गेलेली गतिज ऊर्जा.
३६ ला: ९०० × s = ९,०००, s = १० मी.
७२ ला (२० मी/से): गतिज = ½ × १८० × ४०० = ३६,००० ज्यूल, s = ४० मी.

वेग दुप्पट, अंतर चौपट. त्यात ब्रेकवर हात जाईपर्यंत कापलेलं अंतर धरलेलंच नाही.

उदाहरण ३. जामठ्यातला षटकार

१६० ग्रॅमचा चेंडू बॅटवरून ३० मी/से वेगाने तिरका सुटला आणि जास्तीत जास्त २० मी उंच गेला. हवेचा विरोध सोडून द्या, बॅटची उंचीही सोडून द्या. सर्वोच्च बिंदूवर गतिज ऊर्जा किती?

अर्धा वर्ग 'शून्य' लिहितो, कारण 'सर्वात वर गेल्यावर वेग शून्य' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते सरळ वर फेकलेल्या चेंडूचं. षटकाराचा चेंडू वर पोचल्यावरही सीमारेषेकडे पुढे जातच असतो, नाहीतर तो तिथूनच सरळ खाली पडला असता.

सुटताना: गतिज = ½ × ०.१६ × ९०० = ७२ ज्यूल, स्थितिज = ०.
सर्वोच्च बिंदूवर: स्थितिज = ०.१६ × १० × २० = ३२ ज्यूल.
एकूण ७२ च राहायला हवेत, म्हणून गतिज = ७२ − ३२ = ४० ज्यूल.
v² = २ × ४० / ०.१६ = ५००, v ≈ २२.४ मी/से.

कोन विचारला नाही, त्रिकोणमिती लागली नाही. ऊर्जेच्या हिशोबाची हीच मजा आहे.

उदाहरण ४. गच्चीवरची टाकी

उन्हाळ्यात कूलर दिवसभर पाणी पितो, म्हणून हे गणित घरोघरी रोज घडतं. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर १,००० लिटरची टाकी १० मिनिटांत भरते. पाणी ९ मी वर चढतं. सव्वा इंची पाइपातून ते साधारण २ मी/से वेगाने बाहेर पडतं. (१ लिटर पाणी = १ किग्रॅ, १ अश्वशक्ती = ७४६ वॅट.)

स्थितिज: १,००० × १० × ९ = ९०,००० ज्यूल
गतिज: ½ × १,००० × ४ = २,००० ज्यूल

दोन्ही रकाने पाहा. पाणी पाइपातून जोरात येताना दिसतं, म्हणून सगळी ऊर्जा त्या वेगात आहे असं वाटतं. प्रत्यक्षात वेगाचा वाटा उंचीच्या तुलनेत अगदी किरकोळ. आणि टाकीत पडून पाणी शांत झालं की तो वाटाही संपला. साठून राहते ती फक्त स्थितिज.

उपयुक्त शक्ती = ९०,००० / ६०० = १५० वॅट. मोटरवर लिहिलेली शक्ती = ७४६ / २ = ३७३ वॅट. १५० / ३७३ ≈ ०.४०, म्हणजे सुमारे ४० टक्केच कामी आले. बाकीचे पाइपातलं घर्षण, कोपरे आणि पंपाच्या आतली गरमी यांत गेले.

मिनिटांचे सेकंद केले नाहीत तर उत्तर ९,००० वॅट येतं. घरातली पाण्याची मोटर बारा अश्वशक्तीची निघाली की समजावं, एकक चुकलंय.

उदाहरण ५. सीताबर्डी मेट्रो स्थानकाचा जिना

दोन मैत्रिणी, दोघीही ५० किग्रॅ. समजा जिन्याची उभी उंची १२ मी. एक २० सेकंदांत धावत चढली, दुसरी ६० सेकंदांत. गुरुत्वाविरुद्ध कार्य दोघींचं सारखंच, ५० × १० × १२ = ६,००० ज्यूल. शक्ती ३०० वॅट आणि १०० वॅट. जिन्याची तिरपी लांबी दिली असली तरी तिला हात लावायचा नाही.

उदाहरण ६. तोतलाडोह

पेंच नदीवरच्या तोतलाडोह जलविद्युत केंद्राची क्षमता १६० मेगावॅट आहे, ८० मेगावॅटचे दोन संच. पाणी १०० मी उंचीवरून येतं आणि काहीच ऊर्जा वाया जात नाही असं गणितापुरतं समजा. दर सेकंदाला किती पाणी लागेल?

१ सेकंदात हवी १६ × १०⁷ ज्यूल.
m = १६ × १०⁷ / (१० × १००) = १,६०,००० किग्रॅ, म्हणजे १६० घनमीटर.

जलाशयात अडवलेल्या पाण्याकडे स्थितिज, टर्बाइनवर आदळताना गतिज. याच जिल्ह्यातल्या कोराडीला मात्र हे दोन रकाने सुरुवातीला रिकामेच राहतात, कारण कोळशातली ऊर्जा रासायनिक आहे. कोळसा उंच ढिगावर ठेवला म्हणून वीज जास्त निघत नाही.

घरी सोडवा

१. २०० वॅटचा कूलर रोज १० तास चालतो. ३० दिवसांत किती युनिट? एका दिवसाची ऊर्जा ज्यूलमध्ये किती?

२. ०.२ किग्रॅचा आंबा ५ मी उंच फांदीवरून पडतो. जमिनीपासून ३ मी वर असताना दोन्ही ऊर्जा काढा. जमिनीला टेकताना वेग किती?

३. १२ किग्रॅचा गॅस सिलिंडर कोणी ५ मिनिटं खांद्यावर धरून एकाच जागी उभा आहे. त्या वेळात सिलिंडरवर केलेलं कार्य किती?

४. सायकल आणि स्वार मिळून ८० किग्रॅ. ५ मी उंचीच्या उतारावरून, सुरुवातीला थांबलेली सायकल खाली आली तेव्हा वेग ८ मी/से होता. किती ऊर्जा घर्षणात आणि हवेत गेली?

५. फुटाळ्याच्या काठावर एक जण ५० न्यूटन बलाने दोरी ओढत नाव काठाला समांतर २० मी नेतो. दोरी आणि विस्थापन यांत ६०° चा कोन आहे. कार्य किती? (cos ६०° = ½)

उत्तरं

१. ६० युनिट; दिवसाला २ युनिट = ७.२ × १०⁶ ज्यूल.
२. स्थितिज ६ ज्यूल, गतिज ४ ज्यूल. वेग १० मी/से.
३. शून्य. 'पाच मिनिटं' हा आकडा भुलवायला दिला आहे.
४. वर स्थितिज ४,००० ज्यूल, खाली गतिज २,५६० ज्यूल. गेली १,४४० ज्यूल.
५. W = Fs cos θ = ५० × २० × ½ = ५०० ज्यूल.