जळगावातल्या महाबळचं पार्सल आणि स्टेशनची रिक्षा

दुपारी

डिलिव्हरीवाला: काकू नमस्कार, मेडिकलचं पार्सल आहे तुमचं, इन्शुलिन. अजिंठा चौफुलीवरून निघालो, थोड्या वेळात येऊन राहिलो, घरीच आहात ना?

काकू: हो भाऊ घरीच. काव्यरत्नावली चौकात आला की फोन कर

डिलिव्हरीवाला: चौकात आलो काकू, फोन लावून राहिलो पण लागत नाही, लोकेशन टाका ना

काकू: ते नाही येत रे मला. सरळ महाबळकडे ये, मारुतीचं लहान देऊळ लागेल, त्याच्या पुढची दुसरी गल्ली, निळं गेट, बाहेर निंबाचं झाड

डिलिव्हरीवाला: बाहेर उभा आहे, निळ्या गेटसमोर

काकू: दिसत नाही तू. झाड आहे का तिथं?

डिलिव्हरीवाला: झाड नाही, पिठाची गिरणी आहे

काकू: पहिल्याच गल्लीत वळला तू, अजून एक गल्ली पुढे ये. बेल नको वाजवू हां, काकांचा आता डोळा लागला. ऊन फार आहे, पार्सल गेटला अडकवून गेला तरी चालेल

डिलिव्हरीवाला: नाही काकू, गेटला नाही अडकवत, एवढ्या उन्हात इन्शुलिन खराब होईल, हातातच देतो. आत बर्फाची पाकिटं टाकली आहेत, घेतलं की लगेच फ्रिजमध्ये ठेवा, पण वरच्या बर्फाच्या कप्प्यात नका ठेवू, गोठलं की ते कामाचं राहत नाही

डिलिव्हरीवाला: आलो, झाडाखाली आहे. ओटीपी तयार ठेवा

काकू: आले. पाणी पिऊन जाशील

संध्याकाळी

मुलगी: आई, रिक्षावाल्या भाऊंना सांगितलंय, ते येतील. महाराष्ट्र एक्सप्रेस वेळेवर दाखवतेय, लवकर निघ. इन्शुलिन थर्मासमध्ये घेतलं का? बर्फाला चिकटून नको ठेवू, मध्ये रुमाल गुंडाळ

काकू: घेतलं, रुमालात बांधूनच घेतलं

रिक्षावाले: ताई मी बाहेर आलो, गेटसमोरच लावली. सामान जास्त असलं तर सांगा, आत येतो

काकू: दोन पिशव्या आहेत आणि केळीच्या वेफर्सचा डबा, या भाऊ

मुलगी: भाऊ, आईला जिना चढायला त्रास होतो, प्लॅटफॉर्मपर्यंत सोडाल का, वरचे पैसे मी पाठवते

रिक्षावाले: सोडतो ना ताई, पैशाचं राहू द्या. आकाशवाणी चौकात गर्दी आहे पण वेळेत पोचू, काळजी नका करू

मुलगी: कुठपर्यंत आलात?

रिक्षावाले: कोर्ट चौक ओलांडला, नेहरू चौकात पोचतोच आहे

रिक्षावाले: ताई, काकूंना बाकावर बसवलं, सामान जवळच ठेवलंय, गाडी अजून यायची आहे. मी डब्यात बसवूनच निघतो

मुलगी: भाऊ खूप आभार तुमचे. आई, गाडीत बसली की फोन कर, आणि सुई टोचायच्या आधी शुगर बघ, नंतर लगेच जेव

काकू: बसले बाई. खालचीच सीट मिळाली. भाऊ आत्ता उतरले. दौंड गेलं की उठवते तुला, तू स्टेशनवर ये