विषय: कॅल्क्युलस मिड-सेम, प्रश्न 3 (ब) मधला एक गुण पुन्हा पाहावा ही विनंती (रोल नंबर 47)

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

मी मृणाल, प्रथम वर्ष बी.एस्सी., ब तुकडी, रोल नंबर 47. खिडकीजवळच्या रांगेत तिसऱ्या बाकावर बसते. गुरुवारी मिड-सेमचे पेपर दाखवताना तुम्ही म्हणाला होतात की शंका असेल त्यांनी सोमवारपर्यंत मेल करा, मराठीत लिहिलंत तरी चालेल, पण स्टाफरूमच्या दाराशी गर्दी नको. त्यानुसार लिहिते आहे. मला 30 पैकी 23 आहेत आणि माझी शंका फक्त एका गुणाची आहे.

बाकीच्या सहा गुणांबद्दल काही म्हणणं नाही. प्रश्न 2 (अ) मध्ये (x - sin x)/x^3 ची लिमिट काढताना लोपितालच्या दुसऱ्या पायरीला मी चिन्ह चुकवलं आणि उत्तर 1/6 ऐवजी -1/6 आणलं. तिथे अर्धे गुण दिलेत हेच खूप झालं.

शंका आहे ती 3 (ब) ची. x > 0 असताना पुढची असमानता सिद्ध करायची होती:

x/(1+x) < log(1+x) < x

सहा गुण, म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन. मला डाव्या बाजूला 2 आणि उजव्या बाजूला 3 मिळाले आहेत. डाव्या बाजूसाठी मी लिहिलेली आकडेमोड अशी:

```
g(x)  = log(1+x) - x/(1+x)
g'(x) = 1/(1+x) - 1/(1+x)^2 = x/(1+x)^2
x > 0  =>  g'(x) > 0
g(0)  = 0
```

आणि त्याखाली एक वाक्य: g स्ट्रिक्टली इन्क्रीझिंग आहे, म्हणून x > 0 साठी g(x) > 0.

तिसऱ्या ओळीतल्या x > 0 भोवती लाल गोल आहे आणि समासात तुमची नोंद आहे: g'(0) = 0 !!

गुरुवारी ती नोंद वाचल्यावर मला आधी वाटलं की चूक माझीच आहे. x च्या जागी शून्य ठेवलं की g' शून्य होतो, हे उघड आहे. पण घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला तेव्हा वेगळीच गोष्ट दिसली. उत्तरपत्रिकेवरची छापील निळी रेघ नेमकी त्या > च्या पायाला लागून गेली आहे. मी अक्षर रेघेवर टेकवून लिहिते, त्यामुळे ते चिन्ह सरळ सरळ ≥ वाटतं. माझ्या भावाला काही न सांगता फोटो दाखवला, तर त्यानेही ‘एक्स ग्रेटर दॅन ऑर इक्वल टू झिरो’ असंच वाचलं. x ≥ 0 असं वाचलं तर माझं विधान खोटं ठरतं आणि गुण जाणं बरोबरच आहे. पण मी लिहिलं होतं x > 0. त्याच पानावर पाच ओळी खाली, उजव्या बाजूच्या सिद्धतेत, तेच चिन्ह दोन रेघांच्या मधोमध आलं आहे आणि तिथे खाली कुठलीही आडवी रेघ दिसत नाही. फोटोत मी दोन्ही जागांना पेन्सिलने बाण केले आहेत. मूळ पेपर तुमच्याकडेच आहे, त्यामुळे शाई कुठली आणि छपाई कुठली हे फोटोपेक्षा त्यावर चांगलं दिसेल.

आता दुसरी शक्यता. कदाचित तुम्ही चिन्ह बरोबर वाचलं असेल आणि आक्षेप असा असेल की g'(0) = 0 असताना शून्यापासून g वाढतो असं म्हणता येत नाही. याच्यावर मी दोन दिवस डोकं लावलं. मला वाटतं टोकाच्या बिंदूवर डेरिव्हेटिव्ह शून्य असला तरी अडचण येऊ नये. x^3 चा डेरिव्हेटिव्ह शून्यापाशी शून्यच आहे, तरीही तो सगळीकडे स्ट्रिक्टली इन्क्रीझिंग आहे. आणि लॅग्रांजच्या मीन व्हॅल्यू थिअरममध्ये c हा खुल्या इंटरव्हलमधून येतो, म्हणजे [0, x] वर लावला तर c > 0 असतो आणि g'(0) ची किंमत कुठे वापरावीच लागत नाही. ही पायरी मी खाली सविस्तर लिहिली आहे. पेपरात ती लिहिलेली नव्हती, थेट निष्कर्ष काढला होता, हे कबूल.

पण हे सगळं मांडताना मला माझ्या उत्तरात एक खरी फट सापडली, ती लपवून मेल पाठवणं बरं वाटत नाही. g शून्यापाशी कंटिन्युअस आहे हे मी कुठेच लिहिलेलं नाही, आणि ते लागतंच. समजा एखादं फंक्शन असं घेतलं:

```
p(0) = 0
p(x) = x - 1,  x > 0
```

इथे p(0) शून्य आहे, x > 0 साठी p'(x) = 1 म्हणजे धन आहे, तरीही p(1/2) = -1/2. मी पेपरात जेवढ्या गोष्टी लिहिल्या तेवढ्या सगळ्या p बद्दलही खऱ्या आहेत आणि निष्कर्ष मात्र खोटा आहे. शनिवारी रात्री हे उदाहरण सुचल्यावर मेल पाठवावा की नाही, असंच झालं होतं मला. आपला g कंटिन्युअस आहे यात वाद नाही, एका वाक्याचं काम होतं, पण ते वाक्य उत्तरात नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. गुण g'(0) साठी कापला असेल, मग ते रेघेमुळे असो किंवा टोकाच्या बिंदूमुळे, तर तो कृपया पुन्हा पाहावा. कंटिन्युइटी न लिहिल्याबद्दल कापला असेल तर तो मला मान्य आहे. मात्र तो नियम लावला तर उजव्या बाजूच्या सिद्धतेतही कंटिन्युइटी लिहिलेली नाही आणि तिथे मला पूर्ण तीन मिळाले आहेत. म्हणजे हा मेल करून मी 23 चे 22 करून घेण्याचीही शक्यता आहे, हे मला कळतंय! तसं झालं तरी तक्रार नाही.

एक अजून विचारायचं होतं. सेमिस्टरच्या परीक्षेत अशा प्रश्नाला कंटिन्युइटी आणि डिफरन्शिएबिलिटी दोन्ही दर वेळी शब्दांत लिहायच्या, की ‘log(1+x) हे -1 च्या पुढे डिफरन्शिएबल आहे’ एवढं एक वाक्य पुरतं? वर्गात आपण फळ्यावर सोडवलेल्या गणितांत दोन्ही प्रकार माझ्या वहीत आहेत. मागच्या बाकांवर याच्यावरून बरीच चर्चा झाली आणि कुणाचंच एकमत झालं नाही.

तुम्हाला वेळ असेल तेव्हा मेलवर उत्तर दिलंत तरी चालेल, किंवा मंगळवारी ट्युटोरियलनंतर मी भेटू शकते. त्या दिवशी मला साडेबारापर्यंत मोकळा वेळ आहे, त्यानंतर फिजिक्सचं प्रॅक्टिकल आहे. गुण बदलला नाही तरी कारण कळलं तर पुढच्या वेळी नीट लिहीन.

तसदीबद्दल क्षमस्व.

आपली विद्यार्थिनी,
मृणाल
प्रथम वर्ष बी.एस्सी. (ब), रोल नंबर 47

सोबत: उत्तरपत्रिकेच्या पान 5 चा फोटो, आणि खालची मांडणी. हीच मांडणी हाताने लिहून स्कॅन करूनही जोडली आहे, कारण टाइप केलेले अपूर्णांक वाचायला त्रास होतो.

प्रश्न 3 (ब), पूर्ण मांडणी

डावी बाजू. x > 0 हा कोणताही एक आकडा घेऊन तो पक्का धरू. t ≥ 0 साठी

```
g(t)  = log(1+t) - t/(1+t)
g'(t) = t/(1+t)^2
```

t > -1 असताना log(1+t) आणि t/(1+t) दोन्ही डिफरन्शिएबल आहेत, म्हणून g हा [0, x] वर कंटिन्युअस आणि (0, x) वर डिफरन्शिएबल आहे. (पेपरात राहिलेलं वाक्य हेच.) लॅग्रांजच्या थिअरमनुसार (0, x) मध्ये असा एक c मिळतो की

```
g(x) - g(0) = x * g'(c) = x * c/(1+c)^2
```

x > 0 आहे. c हा 0 आणि x यांच्या मध्ये आहे, दोन्ही टोकं सोडून, म्हणून c > 0. त्यामुळे उजवीकडची संख्या धन आहे. g(0) = 0 असल्याने g(x) > 0, म्हणजेच x/(1+x) < log(1+x).

उजवी बाजू. तसंच

```
h(t)  = t - log(1+t)
h'(t) = 1 - 1/(1+t) = t/(1+t)
```

h(0) = 0 आहे. वरच्याच कारणाने (0, x) मध्ये एक d मिळतो आणि h(x) = x * d/(1+d) > 0, म्हणजेच log(1+x) < x. इथेही h'(0) = 0 च आहे, आणि पेपरात या बाजूला तो प्रश्न आलेला नाही, एवढं फक्त नजरेस आणून देते.

पडताळा म्हणून x = 0.1 घेतलं तर 0.0909 < 0.0953 < 0.1 येतं. हा काही पुरावा नाही, पण g बरोबर उतरवून घेतला आहे याची खात्री झाली.

दुसरी पद्धत. वर्गातल्या बहुतेकांनी लिहिली ती. f(t) = log(1+t) ला [0, x] वर थेट लॅग्रांज लावला की

```
log(1+x)/x = 1/(1+c),  0 < c < x
```

आणि 1/(1+x) < 1/(1+c) < 1 असल्यामुळे x ने गुणलं की दोन्ही बाजू एकदम सुटतात. चार ओळी. परीक्षेत हे मला सुचलं नाही. सुचलं असतं तर तुम्हाला एवढा लांब मेल वाचावा लागला नसता.