हजेरीपटातल्या क्रमाने: जून २०२५ मधल्या दहावीच्या गुणगौरव समारंभातलं मुख्याध्यापिकांचं मनोगत

व्यासपीठावरचे मान्यवर, शालेय समितीचे सदस्य, माझे सहकारी शिक्षक, कार्यालयातली आणि शिपाई मंडळी, पालकहो, आणि ज्यांच्यासाठी आज आपण जमलो ती माझी दहावीची मुलं,

कौलांवर पाऊस वाजतोय, म्हणून जरा मोठ्याने बोलते. मागे ऐकू येत नसेल तर हात वर करा. यंदा पाऊस मे महिन्यातच उतरला आणि घरोघरी पेरणीचं वेळापत्रक विस्कटलं, हे मला ठाऊक आहे. तरीही तुम्ही अर्धा दिवस मोडून इथे आलात, त्याबद्दल पालकांचे मनापासून आभार.

आधी अभिनंदन. तेही घाईने उरकायचं नाही.

सायलीला ५०० पैकी ४८६ गुण मिळाले, म्हणजे ९७.२० टक्के. ओंकारला ४७८ आणि समृद्धीला ४७४. बाळांनो, जरा उभे राहा. तिघेही. असेच उभे राहा, सगळ्यांना तुम्हाला नीट बघू दे.

सायलीची एक वही मी मागून घेतली आहे, ती माझ्या टेबलावर आहे. आठवी आणि नववीच्या वह्यांमधली कोरी राहिलेली पानं तिने काढली आणि सुई-दोऱ्याने शिवून ही जाडजूड वही केली. कुठे एकरेघी पान, कुठे चौकटीचं. त्यात भूमितीचं एकच प्रमेय अकरा वेळा लिहिलेलं आहे. पहिल्या तीन वेळा चुकलंय, चौथ्यांदा आकृती चुकलीय, सातव्या वेळेपासून बरोबर आलंय. बरोबर आल्यावरही तिने ते आणखी चार वेळा लिहिलं. निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता मोबाईलवर आपल्याला जे ९७.२० दिसलं, ते या पानांवर असं साठत गेलं होतं. ओंकारने वर्षभर सकाळी गाईचं दूध काढून, डेअरीवर घालून मग शाळा गाठली. त्याला पहिल्या तासाला उशीर झाल्याचं माझ्या रजिस्टरमध्ये एकदाही नाही. समृद्धीचं इंग्रजी सहामाहीत डळमळीत होतं. दिवाळीच्या सुट्टीत ती बाईंच्या घरी रोज एक उतारा वाचून दाखवायला जात होती.

म्हणून ‘गुणांना तसा काही अर्थ नसतो’ असं मी आज म्हणणार नाही. अशा समारंभात ते वाक्य बरेचदा ऐकायला मिळतं. उरलेल्या मुलांना बरं वाटावं म्हणून ते म्हटलं जातं, पण सायलीसमोर ते म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिच्या अकरा प्रमेयांना अर्थ आहे. तिघांनो, हे यश तुमचं आहे, ते ताठ मानेने घ्या. कोणाला वाईट वाटेल म्हणून ते लपवू नका. बसा आता.

आता दुसरी गोष्ट.

सहा वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये असाच समारंभ झाला होता. मी पहिल्या पाच मुलांची नावं वाचली, त्यांना पुष्पगुच्छ दिले, फोटो झाले, चहा झाला. सगळे निघाले तेव्हा एक मुलगा दाराशी थांबला होता. त्याला ६१ टक्के होते. तो म्हणाला, “बाई, आमची नावां वाचूक नाय?” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, त्याने फक्त विचारलं होतं. त्याची आई छत्री घेऊन पायरीवर उभी होती. नवी साडी नेसून आली होती. मी काहीतरी उत्तर दिलं, काय दिलं ते आज आठवत नाही. ती साडी मात्र आठवते. ती चूक माझी होती. पुढच्याच वर्षापासून आपण सगळी नावं वाचतो, तीही हजेरीपटाच्या क्रमाने. राज्य मंडळानेसुद्धा गुणवत्ता यादी जाहीर करणं केव्हाच बंद केलं आहे. मग गावातल्या शाळेने ती तेवढी का कुरवाळत बसावी?

यंदा आपले ४३ विद्यार्थी परीक्षेला बसले. त्यांतले ४१ उत्तीर्ण झाले. ७५ टक्क्यांच्या वर, म्हणजे विशेष प्रावीण्यात १४ जण आले, १५ जणांना प्रथम श्रेणी मिळाली, आणि १२ जण त्यानंतरच्या श्रेणींत आहेत. या बारा जणांबद्दल कोणी फार बोलत नाही. पास झाले म्हणून काळजी नाही, आणि नंबरात नाहीत म्हणून कौतुकही नाही. घरी पेढे आले की नाही, कोण जाणे.

त्यांतल्या एकाला विचारूनच सांगते. त्याला ५१ टक्के आहेत. त्याचे वडील दशावतारी कंपनीत आहेत आणि हा झांज वाजवतो. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्रभर नाटक आणि पहाटे टेम्पोतून परत. कितीतरी सकाळी तो आंघोळ करून वर्गात बसलेला असायचा आणि कानामागे रंगाचा एक लाल ओरखडा राहिलेला दिसायचा. डोळे चुरचुरत असायचे, पण बाकावर डोकं टेकलेलं मी कधी पाहिलं नाही. त्याच्या कुटुंबाचं पोट त्या जत्रांवर आहे. हे ५१ टक्के त्याने उरलेल्या वेळात मिळवले आहेत. सायली आणि तो एकाच वर्गात शिकले, एकच पेपर दिला, पण दोघांना मिळालेल्या रात्री सारख्या नव्हत्या. गुणपत्रकावर त्या रात्रींचा रकाना नाही. म्हणून शाळेने तेवढं तरी बोलून दाखवावं, असं मला वाटतं.

आणि एक मुलगी आहे, ४८ टक्क्यांची. प्रिलिममध्ये गणितात तिचं काही जमत नव्हतं. मधल्या सुट्टीत कोपऱ्यातल्या बाकावर सायली तिला आणि आणखी दोघींना बीजगणित समजावून सांगायची. ती मला परवा म्हणाली, “बाई, माझे गणितातले एक्केचाळीस म्हणजे निम्मे सायलीचेच.” सायलीला विचारलं तर तिचं म्हणणं असं, की तिला शिकवताना माझंच पक्कं झालं. दोघीही खरं बोलतात, असं मला वाटतं.

आता त्या दोघांविषयी, ज्यांचे विषय राहिले आहेत. बोलू का, हे मी दोघांनाही आधी विचारलं. दोघेही हो म्हणाले. नावं मी घेणार नाही. गावात सगळ्यांना माहीत आहेत, हे मलाही कळतं.

आपल्या कोकण विभागाचा निकाल यंदा ९८.८२ टक्के लागला, राज्यात सगळ्यांत जास्त. आपल्याला त्याचा अभिमान वाटतो आणि वाटावाही. पण जिथे शंभरातले जवळजवळ सगळेच पास होतात, तिथे जो राहतो तो किती एकटा पडत असेल, याचा विचार करा. निकालाच्या संध्याकाळी मी त्यांच्यापैकी एकाच्या घरी गेले होते. पडवीत त्याचे वडील बसले होते, तो आत होता. घरात दिवा लावला नव्हता. मी पडवीत तासभर बसले तेव्हा तो बाहेर आला. शेजारच्या घरात पेढे वाटत होते, त्यांचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.

नापास होऊन पुढे मोठ्या झालेल्या माणसांच्या गोष्टी मी त्याला सांगितल्या नाहीत, आजही सांगणार नाही. सोळा वर्षांच्या मुलाला त्या रात्री त्यांचा काही उपयोग नसतो. मी त्याला विचारलं, पेपरात काय झालं? त्याने सांगितलं. भाग एक बरा गेला, भाग दोनमध्ये पहिल्याच रचनेत अडकला, कंपास बदलत बसला आणि वेळ गेला. म्हणजे नेमकं कुठे बिघडलं, हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून गणिताचे सर सकाळी आठ वाजता शाळा उघडून त्याला घेऊन बसताहेत. मे महिन्याच्या सुट्टीत, कोणी न सांगता. सर, तुम्हाला हे जाहीर बोललेलं आवडणार नाही, तरी बोलते.

पुरवणी परीक्षा पुढच्या मंगळवारी, २४ जूनला सुरू होते. बाळांनो, तुम्ही दोघेही याच बॅचचे आहात. ही बॅच ४३ जणांची आहे आणि माझ्या हातातल्या यादीत आज ४३ नावं आहेत.

पालकांशी दोन शब्द. अकरावीचे प्रवेश यंदा पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाईन होत आहेत. अर्जात पसंतीक्रम भरताना शेजारच्याच्या मुलाने काय घेतलं ते बघू नका, आपल्या मुलाला समोर बसवा आणि विचारा. कोणाला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा फिटर व्हायचं असेल, तर “कमी मार्क पडले म्हणून तिकडे” असं पाहुण्यांना सांगू नका. ते त्याच्या कानावर पडतं आणि मग पहिल्या दिवशी तो त्या दारातून मान खाली घालून आत जातो. मालवणला सरकारी तंत्रनिकेतन आहे, दहावीनंतर तिथे पदविका करता येते. ज्यांना आपले गुण कमी वाटतात, त्यांच्यासाठी मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे. विचार पक्का असेल तर कार्यालयात येऊन बोला. आणि ज्यांच्या घरी पहिला नंबर आला आहे त्यांनाही एक विनंती. सायलीच्या आई, सायलीला आता चार दिवस झोपू द्या. बारावीचं नंतर बघू.

घरी गेल्यावर “अमक्याला किती?” हा प्रश्न आज कोणीही विचारू नका. एवढं माझ्यासाठी करा.

आता नावं वाचते. प्रत्येकाला गुलाबाचं फूल आणि एक पेन मिळेल, सगळ्यांना सारखंच. पहिल्या तिघांची देणगीदारांनी ठेवलेली बक्षिसं आहेत, ती त्यांचं नाव येईल तेव्हाच दिली जातील. टाळ्या प्रत्येकाला वाजल्या पाहिजेत, शेवटच्या नावापर्यंत. त्रेचाळीस वेळा टाळ्या वाजवून हात दुखले तर नंतर गरम चहा आणि कांदाभजी आहे. बाहेर प्रवेशअर्जाच्या मदतीसाठी टेबल मांडलं आहे, कागदपत्रं आणली असतील तर आजच तपासून घ्या.

प्रत्येकाने आपल्या आईवडिलांपैकी कोणालातरी बरोबर घेऊन वर यायचं आहे. आजी आली असेल तर आजीला घेऊन या. पायऱ्या ओल्या आहेत, सावकाश चढा.

हजेरी क्रमांक एक. अथर्व. ये बाळा.