साडेनऊशे वॅट-तास

जून महिन्यातल्या पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या सकाळी, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, विक्रोळीच्या कन्नमवार नगरातील वसंतरावांच्या औषधांच्या दुकानातली वीज गेली. कोपऱ्यातला इन्व्हर्टर एकदा टकटकला आणि पंखे फिरतच राहिले, त्यामुळे काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना काही घडल्याचे कळलेसुद्धा नाही. वसंतराव मात्र दुकानाबाहेर आले. समोरच्या चारही इमारती बंद होत्या आणि नाक्यावर वीज कंपनीची माणसे पाण्याने भरलेल्या खड्ड्याभोवती उभी होती. केबलमध्ये पाणी शिरले आहे, आधी दोष नेमका कुठे आहे ते शोधायचे, मग खोदायचे आणि मग जोड मारायचा, असे त्यांच्यातल्या एकाने सांगितले. किती वेळ लागेल, या प्रश्नावर तो नुसता हसला. दुकानात परतताना वसंतरावांनी मनाशी मध्यरात्र धरली.

बॅटरीवर दीडशे अँपिअर-तास असे छापलेले होते; पण बॅटरी तीन वर्षांची झाली होती, तेव्हा त्यांनी शंभरच धरले. बारा व्होल्टने गुणून बाराशे वॅट-तास, त्यातला पाचवा हिस्सा इन्व्हर्टर स्वतःच खातो, म्हणजे हाती साडेनऊशे. औषधाच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यांनी दुसऱ्या बाजूला खर्च मांडला: बाहेरचा लाइटचा बोर्ड ऐंशी, दोन पंखे दीडशे, संगणक एकशेदहा, दोन ट्यूब चाळीस, कॅमेरे आणि वायफाय मिळून चाळीस, आणि फ्रिज चालताना एकशेचाळीस, पण तो निम्माच वेळ चालतो म्हणून सत्तर. बेरीज चारशे नव्वद झाली. दोन तासही निघणार नव्हते.

"गणेश, बोर्ड बंद कर. संगणकही बंद कर आणि बिलबुक काढ."

"काका, बोर्ड बंद केला तर लोकांना वाटेल दुकान बंद आहे."

"भर दुपारी बोर्ड कोण बघतो रे? शटर उघडे आहे, तेवढे पुरे."

संगणक बंद झाल्यावर गणेशला प्रत्येक गोळीचा बॅच नंबर आणि मुदतीची तारीख हाताने लिहावी लागली, आणि त्याचे अक्षर किती वाईट आहे हे गिऱ्हाइकांसमोर उघड झाले. कॅमेरे आणि वायफाय गेले, कारण दिवसभर वसंतराव स्वतःच गल्ल्यावर बसणार होते. दोन्ही पंखे थांबले. दिवसा उजेड होता म्हणून ट्यूबही गेल्या. एका मोबाइलसाठी चार्जिंगचा प्लग आणि फ्रिज एवढेच उरले, आणि खरे म्हणजे सारा हिशेब फ्रिजसाठीच होता. त्यात इन्सुलिनची पेने, कुपी आणि धनुर्वाताची इंजेक्शने मिळून बराच माल होता, आणि तो दोन ते आठ अंशांतच राहायला हवा होता.

फ्रिज काचेच्या दाराचा होता, दिसायला देखणा आणि थंडी धरायला कच्चा. वसंतरावांनी दारावर थर्मोकोलच्या खोक्यांचे तुकडे चिकटवले, वरून घरची जुनी गोधडी टाकली. मागची जाळी मात्र मोकळी ठेवली, कारण तिथून उष्णता बाहेर पडली नाही तर कॉम्प्रेसर थांबायचे नावच घेत नाही. खालच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या नेहमीच असत. बाहेर लटकणाऱ्या तापमापकावर चार होते. दार उघडायचे ते वसंतरावांनीच, आणि काय काढायचे ते आधी ठरवून.

गणेशला वाटले, सुरुवातीला फ्रिज बंदच ठेवावा आणि बॅटरी रात्रीसाठी राखावी. हा विचार वरवर शहाणपणाचा दिसतो. पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो, आणि उतरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज त्या धक्क्याने इतका पडतो की चार्ज शिल्लक असूनही इन्व्हर्टर बंद पडतो. म्हणून बॅटरी ताजी असतानाच बाटल्या चांगल्या गार करून घ्यायच्या आणि उतरत्या रात्री फ्रिजकडून कमीत कमी मागायचे, असे वसंतरावांनी ठरवले.

तीनच्या सुमारास शेजारच्या इमारतीतल्या आजी आपले इन्सुलिनचे पेन रुमालात गुंडाळून घेऊन आल्या. "वसंता, एवढे तुझ्या फ्रिजमध्ये ठेव बाबा, माझ्याकडचा तर उबट झालाय."

"आजी, हे तुमचे वापरात असलेले पेन ना? त्याला फ्रिज लागत नाही, उन्हापासून जपले की महिनाभर चांगले राहते. न उघडलेले असेल ते द्या. हे पिशवीत बांधून माठाशेजारी ठेवा, पाण्यात नको." आजींचा विश्वास बसला नाही हे चेहऱ्यावरून दिसत होते, पण त्या गेल्या. एक दार उघडायचे वाचले.

फोन चार्ज करायला येणाऱ्यांची रांग संध्याकाळी वाढली. एका घराचा एक फोन, अर्धा तास, असा नियम वसंतरावांनी केला. त्याला पाचच वॅट-तास लागतात हे त्यांना ठाऊक होते, तरी नियम हवा होता, कारण पाचाचे पन्नास होताना कोणालाच दिसत नाहीत.

साडेसातला एक तरुण आई दम लागलेल्या मुलाला कडेवर आणि वाफ घ्यायचे यंत्र पिशवीत घेऊन आली. गणेशने यंत्राच्या खालचा आकडा वाचला आणि तो दबक्या आवाजात म्हणाला, "काका, एकशेवीस वॅट. आपण तर पंखासुद्धा लावत नाही."

"किती वेळ चालवायचे आहे, ताई?"

"दहा मिनिटे, काका."

"गणेश, दहा मिनिटांचे वीस झाले. आपला बोर्ड पंधरा मिनिटांत तेवढे खातो. आकडा बघायचा तसे घड्याळही बघावे. फ्रिजचा प्लग काढ आधी, दोन्ही एकदम नकोत." मुलाच्या तोंडावरच्या मास्कमधून वाफ निघू लागली. वसंतरावांनी एकुलता एक नऊ वॅटचा दिवा काउंटरच्या टोकाला, त्याच्या बाजूला वळवला. दहाची बारा मिनिटे झाली. त्यावर कोणी काही बोलले नाही. मग फ्रिजचा प्लग पुन्हा लागला.

नऊला इतर दुकाने बंद झाली. औषधांच्या दुकानाने अशा रात्री बंद व्हावे हे वसंतरावांना पटत नव्हते. शिवाय माल सोडून घरी झोप लागली नसती. गणेश पुठ्ठ्याने वारा घेत बसला होता. साडेअकराला तापमापकाने साडेसहा दाखवले आणि इन्व्हर्टरचा लाल दिवा लुकलुकू लागला. वसंतरावांनी दिवाही बंद केला, कॉम्प्रेसरला एकदाच पंधरा मिनिटे चालू दिले आणि तो थांबताच प्लग ओढून घेतला. त्यानंतर दुकानात फक्त बाहेरच्या पावसाचा आवाज होता.

बारा वाजून पन्नास मिनिटांनी समोरच्या इमारतीत दिवे लागले. गणेश उठून फ्रिजच्या प्लगकडे गेला.

"थांब. दहा मिनिटे."

"आता कशाला, काका?"

तो विचारत असतानाच सगळे पुन्हा काळोखात गेले. गणेशने हात मागे घेतला. चार मिनिटांनी दिवे आले, आणि या वेळी टिकले. वसंतराव घड्याळ पाहत राहिले, दहा मिनिटे भरल्यावर त्यांनी स्वतः प्लग लावला, विजेरीच्या उजेडात तापमापक वाचला आणि वहीत तारखेपुढे लिहिले: रात्री १:०५, ६.८.

"बोर्ड लावू?" गणेशने विचारले.

"उद्या. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरही उद्याच घालू. शटर ओढ आता."